रांगोळीची चिमूट

“त्या शेवटच्या शॉटमध्ये दोन चुका आहेत, बाई,” आगटे म्हणाले आणि आमटीभाताचा घास घेतला. “इतकी वर्षं झाली, एकाही विद्वानाला सापडल्या नाहीत. बघा, तुम्हाला दिसतात का.”

माझ्या हातात तुपाची वाटी होती, ती तशीच राहिली. संध्याकाळी पाच वाजता मला सांगलीच्या वाचनालयाच्या सभागृहात याच शॉटवर बोलायचं होतं आणि दुपारी जेवता जेवता खुद्द दिग्दर्शक सांगतात की तो चुकलेला आहे. लग्नाच्या दिवशी नवऱ्यामुलाने मुलीच्या बापाला म्हणावं, की मला एक खोड आहे, ओळखा पाहू, तसं झालं ते.

दिनकर आगटे हे नाव आज कुणाला ठाऊक नसेल. तेव्हाही फारसं नव्हतंच. त्यांनी आयुष्यात तीन सिनेमे केले. त्यातले दोन पडले आणि तिसरा, ‘पाटपाणी’, तोही पडलाच, पण फिल्म सोसायटीच्या मंडळींनी त्याला डोक्यावर घेतलं. आमची सांगलीची सोसायटी म्हणजे मी, बापू शेटे आणि वर्गणी बुडवणारे पन्नासेक रसिक. मी कॉलेजात मराठी शिकवायचे. पुण्याला उन्हाळ्यात सिनेमा कसा पाहावा याचं शिबिर असतं, ते करून आले होते आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन गावभर व्याख्यानं देत सुटले होते. आगट्यांना मी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर आलं नाही. चौथ्या पत्रात मी सहज लिहिलं, की शालनबाई हल्ली मिरजेत असतात असं कळतं, त्यांनाही बोलावण्याचा विचार आहे. आठवड्यात उलट टपाली होकार आला.

शालनबाई म्हणजे ‘पाटपाणी’ची नायिका आणि आगट्यांची बायको. सिनेमाचं शेवटचं शूटिंग कोल्हापुरात झालं, युनिट पुण्याला परत निघालं, आणि बाई बसमध्ये चढल्याच नाहीत. चार दिवस मिरजेला बहिणीकडे जाऊन येते म्हणाल्या. ते चार दिवस अजून संपले नव्हते.

“तिला न्यायला आलोय मी,” आगट्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. “सत्कार वगैरे निमित्त. पुण्याचं घर मोठं आहे, मी एकटा. म्हातारपणी माणसानं माणसाजवळ असावं. आणि एक विचारायचंय. गेली ते गेली, पण सांगून का नाही गेली? एक शब्द नाही हो. भांडली असती तरी चाललं असतं.”

शालनबाईंकडे आमंत्रण मी स्वतः नेऊन दिलं होतं. त्या मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत, एका कारखान्याच्या वरच्या खोलीत राहायच्या आणि बालवाडी चालवायच्या. खाली सतारीचे भोपळे वाळत टाकलेले, वर मुलांच्या पाट्या. आमंत्रण वाचून त्या म्हणाल्या, “जमलं तर बघते.” आता आपल्याकडे ‘जमलं तर बघते’ म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण आगट्यांना मी ते तसंच, शब्दाला शब्द सांगितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्याचा खरा अर्थ मी पोटातच ठेवला.

जेवण झाल्यावर त्यांनी तो शॉट कसा झाला ते रंगवून सांगितलं. स्टुडिओत स्वयंपाकघराचा सेट लावलेला. शूटिंगचा शेवटचा दिवस, कॅमेऱ्यात शेवटचं रीळ. कथेतला नवरा बऱ्याच दिवसांनी घरी परत आलाय, बायको पाट मांडते, दोन ताटं घेते, दोन्ही ताटांभोवती रांगोळी काढते, त्याला वाढते आणि मग आपल्या पाटावर येऊन बसते. संसार पुन्हा सुरू. एकच सलग शॉट, मध्ये काटछाट नाही. तालमीत सगळं नीट झालं.

“आणि प्रत्यक्ष टेकच्या वेळी बाईंनी घोळ घातला,” आगटे हसत म्हणाले. “घोळ कुठला ते नाही सांगत, ते तुम्ही शोधायचं. रीळ संपलं, पुन्हा घ्यायला दमडीची फिल्म नाही. मी असा काही ओरडलो! सगळं युनिट हसायला लागलं. नंतर समीक्षकांनी लिहिलं, की काय हा धाडसी शेवट. मी म्हटलं, चला, झाकली मूठ.”

ते आडवे झाले आणि मी व्हिडिओ लावून बसले. शॉट मला पाठ होता. पण पाठ असलेली गोष्ट आपण बघतच नाही, म्हणतो नुसती. त्या दुपारी मी आवाज बंद करून तो शॉट पुन्हा पुन्हा पाहिला, आणि पहिल्या दोन वेळांतच चुका सापडल्या. त्यात काही मोठं नव्हतं. खरं म्हणजे त्या सापडल्यावर मी खूश व्हायला हवं होतं. मी उठून पाणी प्यायले आणि पुन्हा पाहिला.

संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरलं. आगटे पहिल्या रांगेत बसले, इस्त्रीच्या झब्ब्यात, आणि शेजारच्या खुर्चीवर त्यांनी आपली शबनम पिशवी ठेवली. कुणी बसायला आलं की म्हणायचे, “येणार आहेत.” सिनेमा संपला, चहा झाला, तरी ती शबनम तिथंच होती. मग बापू शेट्यांनी टीव्हीवर शेवटचा शॉट पुन्हा लावला आणि मी बोलायला उभी राहिले.

सुरुवातीला मी नेहमी जे सांगायचे तेच सांगितलं. पडद्यावर जे दिसतं ते आपोआप तिथं आलेलं नसतं. भिंत कसली, दार कुठं, माणसाच्या अंगावर काय, उजेड कुठून, कॅमेरा कुठे ठेवला, माणूस कुठे उभा राहिला आणि कसा, हे सगळं कुणीतरी मांडलेलं असतं, आपण पाटपाणी मांडतो तसं. आणि हे एकेकटं वाचायचं नसतं. एकट्या साडीला अर्थ नाही, एकट्या दाराला नाही. शब्द सुटे असतात, वाक्य झालं की बोलतात.

“कॅमेरा कुठे आहे बघा,” मी म्हटलं. बापूंनी चित्र थांबवलं. तेव्हाच्या टेपवर थांबवलेलं चित्र थरथरायचं, मधून एक पांढरी रेघ धावायची. “जमिनीलगत ठेवलाय. पाटावर बसलेल्या माणसाचे डोळे जिथे असतात तिथे. अगदी समोर एक रिकामं ताट आहे, ते तिचं. म्हणजे आपण बसलोय कुठे? तिच्याच पाटावर. तिची जागा रिकामी आहे आणि त्या रिकाम्या जागेवरून आपण तिच्याकडे बघतोय. उजव्या हाताला नवरा बसलाय. आता ती जवळ येते, तेव्हा तिचं काय दिसतं?”

“हात,” कुणीतरी म्हणालं.

“हात आणि पदर. वाकली की क्षणभर चेहरा येतो, उभी राहिली की डोकं चौकटीबाहेर जातं. या घरात ती जवळ असते तेव्हा तिचे नुसते हात असतात. अख्खी बाई केव्हा दिसते? ती मागे सरकत सरकत परसदारात जाऊन उभी राहते तेव्हा. दूर गेल्यावर ती पूर्ण होते.”

आगट्यांनी मान डोलावली. ही त्यांचीच करणी होती आणि त्यांना तिचा अभिमान होता. नंतर त्यांनी मला सांगितलं, की तालमीच्या वेळी त्यांनी हेच शालनबाईंना समजावून सांगितलं होतं, अगदी याच शब्दांत. जवळ असशील तेव्हा तुझे हातच दिसतील, तू दिसणार नाहीस.

मग मी साडीकडे वळले. सिनेमा काळापांढरा. त्यात लाल-हिरवं काही नसतं, उजेडाच्या पायऱ्या असतात. सबंध सिनेमाभर ही बाई गडद लुगड्यात आहे, फिकट भिंतीपुढे ती ठसठशीत उठून दिसते. या एकाच प्रसंगात तिच्या अंगावर फिकी साडी आहे, भिंतीच्याच रंगाची. ती चुलीपासून मागे सरकते तेव्हा तिच्या अंगाच्या कडा भिंतीत विरघळतात, नुसता चेहरा आणि हात उरतात. ती घरातून जायच्या आधीच घराने तिला पुसायला घेतलंय. आणि मग ती परसदारापाशी पोचते. दार सताड उघडं, बाहेर ऊन. त्या उजेडापुढे तीच फिकी साडी एकदम गडद होते, कारण प्रकाश आता मागून येतो. भिंतीशी पुसलेली बाई दारात पुन्हा रेखली जाते.

“पदराकडे बघा,” मी म्हटलं. “स्वयंपाक करताना बाई पदर कमरेला खोचते. शॉटभर तो खोचलेला आहे. इथे, दारात, ती तो सोडवते, झटकते आणि खांद्यावरून नीट घेते. बायकांनो, पदर असा आपण केव्हा घेतो?”

“बाहेर निघताना,” तिसऱ्या रांगेतून उत्तर आलं.

आता पाळी रांगोळीची होती. आगट्यांनी घातलेलं कोडं मी लोकांना सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरसावून मिस्कील हसत होते. बापूंनी टेप मागे नेली आणि हळूहळू पुढे सोडली. बाई नवऱ्याच्या ताटाभोवती रांगोळीची महिरप काढते, सावकाश, एक रेघ न मोडता. मग आपल्या ताटाकडे येते, म्हणजे आपल्या अगदी समोर. वाटीतून चिमूट उचलते. हात ताटावर येतो. थांबतो. आणि मग ती ती चिमूट परत वाटीत सोडते. बोटं एकमेकांवर घासून झटकते आणि वाढायला वळते.

“हीच चूक,” आगटे म्हणाले. “आणि दुसरी, बसायचं विसरली. शाबास बाई, सापडल्या तुम्हाला.”

लोक हसले. मीही हसले असते. पण मी तेव्हा हुशार होते, आणि हुशार माणसाला ओठांशी आलेलं गिळता येत नाही. मी म्हटलं, “सर, रांगोळी विसरणारी बाई चिमूट उचलत नाही. उचललेली चिमूट परत ठेवणं याला विसरणं म्हणत नाहीत.”

“मग काय म्हणतात?”

उत्तर मी द्यायच्या आत मागून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. “रांगोळी श्राद्धाच्या पानाला नसते काढायची.”

आपल्याकडच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. जिवंत माणसाच्या ताटाभोवती रांगोळी, गेलेल्याच्या पानाला नाही. त्या बाईने नवऱ्याचं ताट सवाष्णीच्या हाताने सजवलं होतं आणि स्वतःचं पान गेलेल्या माणसाचं म्हणून सोडलं होतं. अशा पानावर जेवायला बसणार कोण? म्हणून ती बसली नाही. दुसरी चूक पहिल्या चुकीतूनच आली होती.

“एक वस्तू चुकली तर ती चूक,” मी म्हटलं. “साडी, दार, पदर, रांगोळी, सगळंच एका दिशेने चुकलं, तर ते कुणीतरी बोललेलं असतं. या घरात मी मेलेली आहे, जिवंत व्हायला बाहेर जाते, असं ही बाई एकही शब्द न उच्चारता सांगते. आणि हा सगळा विचार आगटेसरांनी...”

“नाही,” आगटे म्हणाले.

ते उभे राहिले होते. हसू गेलं होतं, पण राग नव्हता. हिशेब जुळत नाही म्हणून माणूस पुन्हा वरून बेरीज करतो तसं काहीतरी चाललं होतं त्यांचं. “साडी तिनं बदलली. गडद साडीत उकडतं म्हणाली. परसदार तालमीत बंद होतं. धूर कोंडतोय म्हणून तिनंच उघडलं. मी म्हटलं, असू दे, उजेड बरा येतोय.” त्यांनी बापूंकडे पाहिलं. “पुन्हा लावा.”

बापूंनी लावलं. पुन्हा म्हणाले, पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी शॉट संपत आला, बाई दारात उभी राहिली, पदर घेतला, आणि तिने एकदा समोर पाहिलं. या नजरेवर मी पुण्यात एक अख्खं भाषण ऐकलं होतं. नवरा उजवीकडे बसलाय आणि ती पाहते डावीकडे, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. तिथं कथेतलं कुणीच नाही. समीक्षक म्हणायचे, ती नवऱ्याच्या पलीकडे, भविष्याकडे बघते.

आगटे टीव्हीजवळ गेले. चित्र थांबलं होतं, थरथरत होतं. त्यांनी काचेच्या डाव्या बाजूला, टीव्हीच्या बाहेर, हवेत हात ठेवला. “इथं मी बसलो होतो,” ते म्हणाले. “कॅमेऱ्याला चिकटून, बुटक्या स्टुलावर.”

बापूंनी टीव्ही बंद केला. आभारप्रदर्शन तसंच राहिलं. आगट्यांनी खुर्चीवरची शबनम उचलून खांद्याला लावली आणि मला म्हणाले, “मिरजेला रिक्षा मिळते ना?”

रिक्षात त्यांनी शबनम मांडीवर घेतली. मी काही बोलावं म्हणून सिनेमाच्या प्रिंटचा विषय काढला, तो त्यांनी ऐकलाच नाही. वाटेत विश्रामबागेजवळ एकदम म्हणाले, “सांगून गेली हो ती. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर सांगून गेली. मीच ‘कट’ म्हणून ओरडलो.” मला वाटलं, आता हा माणूस तिथं जाऊन तिच्या पाया पडेल, रडेल, आणि बायकांचं मन काय, विरघळेलही. मी मनातल्या मनात त्या दोघांना पुण्याच्या बसमध्ये बसवूनही टाकलं.

शालनबाई दारातच भेटल्या, बालवाडीची चटई गुंडाळत होत्या. आगट्यांना पाहून त्या दचकल्या नाहीत. “या,” म्हणाल्या. “बाई, तुम्हीही या. जिना अरुंद आहे, जपून.” आवाज पडद्यावरचाच होता, केस तेवढे पांढरे झाले होते.

एकच खोली, पण लख्ख. ओट्याऐवजी जमिनीवरची मांडणी, शेगडी एका कोपऱ्यात, खिडकीत तुळस. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. चौकशा झाल्या, प्रवासाच्या, प्रकृतीच्या, आगट्यांच्या थोरल्या भावाच्या. मी उठून खाली जाते म्हटलं तर दोघंही एकदमच ‘बसा’ म्हणाले. मला वाटतं, त्यांना मध्ये कुणीतरी हवं होतं.

शेवटी आगटे म्हणाले, “शालन, रांगोळी तू विसरली नव्हतीस.”

त्या चटईच्या कडेचे सुटलेले धागे तोडत होत्या. “नाही.”

“मला आज कळलं.”

“हं.”

“तोंडानं का नाही बोललीस?”

त्यावर त्या जराशा हसल्या. “तोंडानं बोलायचे तेव्हा तुम्ही म्हणायचा, चेहरा जरा डावीकडे वळव, उजेड पडू दे. घरीसुद्धा. आठवतं? तापानं फणफणले होते, तर म्हणालात, हलू नकोस, सावली काय सुंदर पडलीय. तुम्ही माझ्याकडे सारखे बघत असायचा. पण कसे, ते तुम्हाला ठाऊक. मग म्हटलं, यांना जी भाषा येते तिच्यात सांगावं. तुम्हीच ती मला शिकवलीत. कॅमेरा जमिनीवर का, साडीचा रंग भिंतीत का विरतो, दार उघडं टाकलं की काय होतं. मी तुमची हुशार विद्यार्थिनी होते.”

“आणि मी ओरडलो.”

“चारचौघांत. साधी रांगोळी विसरतेस, म्हणालात. लोक हसले.” तुटलेला धागा त्या बोटाला गुंडाळत राहिल्या. “त्याचंही काही नाही. मी पॅकअपपर्यंत सेटवरच थांबले होते. लायटी उतरवल्या, भिंती सोडवल्या, तरी तिथल्याच पाटावर बसून होते. म्हटलं, राग उतरला की विचारतील, का गं नाही काढलीस? एवढं एकच वाक्य. विचारलं असतंत तर आले असते पुण्याला.”

आगट्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खाली कुणीतरी नव्या सतारीच्या तारा लावून बघत होतं, एकच स्वर पुन्हा पुन्हा वर जात होता. “आता विचारतो,” ते म्हणाले. “आता चल. घर आहे. मी बदललोय, शालन.”

त्या उठल्या आणि म्हणाल्या, “जेवूनच जा. पिठलंभात टाकते.”

मी मदतीला उठले तर त्यांनी मला हाताने बसवलं. स्वयंपाक पाहता पाहता झाला. मग त्यांनी भिंतीशी उभे केलेले पाट काढले. आणि मला काय झालं कोण जाणे, दिवसभर तो शॉट पाहून डोळ्यांना तशी सवयच लागली असावी, मी सगळं बघायला लागले. पहिला पाट त्यांनी शेगडीजवळ, भिंतीला पाठ येईल असा मांडला. घरधन्याची जागा ती, तिथून वाढायलाही हात पोचतो आणि सबंध खोलीही दिसते. दुसरा माझ्यासाठी, त्याच्या शेजारी. तिसरा दाराशी, उंबऱ्याजवळ. आगटे पहिल्या पाटाकडे वळले, जन्मभराची सवय. त्या सहज म्हणाल्या, “तुम्ही इकडे बसा, वारा येतो,” आणि दाराकडे बोट दाखवलं.

ते दाराशी बसले.

मग ताटं मांडून त्या रांगोळीची वाटी घेऊन आल्या. आगट्यांच्या ताटाभोवती महिरप काढली, सावकाश, रेघ न मोडता, दोन्ही टोकांना छोटी फुलं. पाहुण्याचं ताट असावं तसं. मग माझ्या ताटाला. मग शेगडीजवळच्या पाटासमोर आल्या, चिमूट उचलली, हात ताटावर आणला. आगटे नजर न हलवता त्या हाताकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. बोटांतून पांढरी रेघ सुटली आणि ताटाला वळसा घालून जिथून निघाली तिथे येऊन मिळाली. बाईंनी तिच्याही दोन बाजूंना फुलं काढली, पदर कमरेला खोचला, सगळ्यांना वाढलं, आपल्या पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, “सावकाश जेवा. भात आणखी आहे.”

आगटे पोटभर जेवले. पिठल्याला चव आहे म्हणाले, पुन्हा वाढून घेतलं. पुण्याचा विषय त्यांनी काढला नाही, बाईंनीही नाही. निघताना शालनबाईंनी त्यांच्या हातावर साखर ठेवली आणि जिन्यात दिवा धरून उभ्या राहिल्या, आम्ही खाली पोचेपर्यंत.

रिक्षा बरीच पुढे आल्यावर आगटे म्हणाले, “माझा पाट दाराशी मांडला होता, पाहिलंत?”

मला खोटं बोलता आलं असतं. वारा येत होता, म्हणाल्या ना त्या, असं सहज म्हणता आलं असतं. “पाहिलं,” मी म्हटलं.

“मीही पाहिलं,” ते म्हणाले. “या वेळी मी पहिल्याच टेकला पाहिलं.” आणि बाहेर तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. त्यानंतर त्यांचं कधी पत्र आलं नाही. ते गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा मी मिरजेला गेले. बातमी शालनबाईंना कळली होती. बालवाडीला सुट्टी दिलेली होती. तेराव्याला त्यांनी मला जेवायला बोलावलं. शेगडीजवळच्या त्यांच्या पाटाशेजारी, दारापासून दूर, एक पाट मांडला होता आणि त्यावर कुणी बसणार नव्हतं. त्यापुढच्या पानाभोवती रांगोळी नव्हती. बाई बराच वेळ वाटी हातात घेऊन त्या पानापाशी बसल्या होत्या. मग वाटी फळीवर ठेवून दिली.